आर-टूमधले ढग

आदरणीय अण्णा,



कॉलमच्या सळयांचं सुधारित ड्रॉइंग, म्हणजे रिव्हिजन दोन, तुम्हाला मिळालं. मिळाल्याची खूण म्हणून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवलात. तुमच्या अंगठ्याचे अर्थ मला आता थोडेफार कळू लागले आहेत. ‘मिळालं’ हा एक, ‘जेवून बघतो’ हा दुसरा, आणि ‘मॅडम, आम्ही तीस वर्षं कॉलम भरतोय’ हा तिसरा. यावेळचा कोणता ते ओळखू आलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोन केला असता, पण साइटवर फोन केला की तुमच्या मागे मिक्सर बोलतो आणि तुम्ही फक्त ‘हो हो’ म्हणता.

आधी ढगांबद्दल. ड्रॉइंगवर जिथे बदल झाला आहे, तो भाग आम्ही वळणावळणाच्या रेघेने वेढतो. तिला ढग म्हणायची पद्धत आहे. शेजारी छोटा त्रिकोण, त्यात २. परवा फिटर मिस्त्रींनी मला विचारलं, की कॉलमभोवती ही काय नक्षी करायची आहे का. तसं काही नाही. ढग फक्त कागदावर. दुसरं म्हणजे, आर-टू काढताना आर-वनचे ढग पुसले जातात. ढग पुसले म्हणजे ते बदल रद्द झाले, असं तुमच्या साइट ऑफिसात एकमताने ठरलं आहे असं ऐकलं. ते बदल तसेच आहेत. नवे ढग एवढंच सांगतात, की मागच्या वेळेनंतर हात कुठे लागला. म्हणून वाचायचं ते पूर्ण ड्रॉइंग. आणि आर-वनची प्रिंट जिथे असेल तिथून परत पाठवा. मागच्या भेटीत ती वॉचमनच्या खोलीत चटईखाली होती आणि तिच्यावर बसून सगळे जेवत होते. जेवायला हरकत नाही, पण एखादा फिटर जेवता जेवता वाचायला लागला तर काय करायचं?

आता बदल का झाला ते सांगते. कारण गाडी.

आपल्या इमारतीत तळाला पार्किंग आहे. बिल्डरसाहेबांच्या मेव्हण्यांनी नवी मोठी गाडी घेतली. त्यांनी नकाशा बघितला आणि विचारलं, की गाडी उभी केल्यावर दार उघडून माणूस बाहेर येणार कसा? आर्किटेक्टांनी मोजलं, विचार केला आणि मला फोन केला, की कॉलम ‘जरासे’ बारीक करता येतील का. त्यांच्या भाषेत सगळं जरासं असतं. शेवटी पार्किंगच्या मधले आठ कॉलम, सी-५ ते सी-१२, आर-वनमध्ये ४०० बाय ६०० होते ते आर-टूमध्ये ३५० बाय ६०० झाले. कोपऱ्यातले चार कॉलम, सी-१ ते सी-४, जसेच्या तसे आहेत, कारण तिथे गाडी उभी राहत नाही, इलेक्ट्रिक मीटर उभे राहतात आणि त्यांना दार नसतं.

म्हणजे कॉलम पन्नास मिलिमीटर कमी झाला. एवढ्यासाठी नवं ड्रॉइंग कशाला, सेंटरिंगवाल्याला सांगितलं असतं तर पाट्या आत सरकवल्या असत्या, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. त्या पन्नास मिलिमीटरमागे आत काय काय हललं ते आता सांगते.

पहिलं म्हणजे रिंग. कॉलमला चारही बाजूंनी ४० मिलिमीटर कव्हर. म्हणून जुनी रिंग बाहेरून ३२० बाय ५२० होती, नवी २७० बाय ५२०. हे गणित सोपं आहे. अवघड गोष्ट अशी, की पावसाने खड्ड्यांचं काम अडलं होतं तेव्हा मिस्त्रींनी रिकामं बसवत नाही म्हणून बाराही कॉलमच्या रिंगा वाकवून ढीग घालून ठेवला. माणूस कामसू आहे, मी काही बोलत नाही. पण तो ढीग बघून कोणीतरी नक्की म्हणणार, ‘बसेल की दाबून.’ बसेल. ३२० ची रिंग ३५० च्या पेटीत अगदी ऐटीत बसेल, आणि दोन्ही बाजूला उरेल पंधरा पंधरा मिलिमीटर. आपली खडी वीस मिलिमीटरची आहे. पंधराच्या फटीत वीसची खडी शिरत नाही, ती वर अडकते, खाली नुसता रस्सा उतरतो किंवा तोही उतरत नाही, आणि पाट्या काढल्यावर कॉलमला मधमाश्यांचं पोळं लागलेलं दिसतं. मग रात्री कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारून ते बुजवतं आणि सकाळी मला सांगतं, की कॉलम फार छान आलाय.

तेव्हा तो ढीग फोडायचा नाही आणि दाबायचाही नाही. कोपऱ्यातल्या चार कॉलमना तीच रिंग लागते, सगळ्या मजल्यांना. तिकडे वापरा. उरलेल्या नव्याने करा. दोन ढीग एकत्र होऊ नयेत म्हणून जुन्या रिंगांना रंगाचा एक पट्टा ओढून ठेवा. पन्नास मिलिमीटरचा फरक दुपारी दोनच्या उन्हात डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा ढग रिंगांमधल्या अंतराचा. इथे तुमचा मूळ प्रश्न येणार, की मॅडम, हे ८५ काय आहे? शंभर असतं, दीडशे असतं, पंच्याऐंशी कुठून काढलं?

मी काढलेलं नाही. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामाचं आयएस १३९२० म्हणून एक मानक आहे, २०१६ सालची आवृत्ती. त्यात म्हटलंय, की कॉलमच्या दोन्ही टोकांना, म्हणजे खालच्या स्लॅबच्या वर आणि वरच्या बीमच्या खाली, रिंगा दाट हव्यात. किती दाट? कॉलमच्या लहान बाजूचा चौथा भाग, किंवा उभ्या सळईच्या जाडीच्या सहापट, किंवा शंभर मिलिमीटर. यातलं सगळ्यात कमी जे असेल ते. आर-वनमध्ये लहान बाजू ४००, तिचा चौथा भाग १००. सळई सोळाची, सहापट ९६. आम्ही ९५ लिहिलं होतं आणि तुम्ही शंभर वाचलं होतं, ते मला माहीत आहे. आता लहान बाजू ३५०, चौथा भाग साडेसत्त्याऐंशी. म्हणून ८५. म्हणजे कॉलम बारीक केला की रिंगा वाढतात. बिल्डरसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कॉलम बारीक केला तर लोखंड कमी लागायला पाहिजे ना? व्यवहार म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण बारीक कॉलमला आवळून धरायची गरज जास्त असते, आणि ते काम रिंगांचं.

ही दाट रिंगांची पट्टी किती लांब? आपल्या कॉलमला वर-खाली ६०० मिलिमीटर, दोन्हीकडे. मधल्या भागात दीडशे चालेल, मात्र लॅप जिथे आहे तिथे शंभर. लॅपचं पुढे येतंय, ते मोठं प्रकरण आहे.

मिस्त्री टेप वापरत नाहीत, बोटं वापरतात. मी त्यांच्या हाताचं माप घेतलं आहे, त्यांना कळू न देता, चहाचा कप देताना. त्यांची चार बोटं मिळून अठ्ठ्याहत्तरच्या आसपास भरतात. त्यात आठ मिलिमीटरची रिंग मिळवली की मधोमध ते मधोमध झालं शहाऐंशी. म्हणजे मानकाची कमिटी आणि आपले मिस्त्री जवळजवळ एकमताचे आहेत. पण त्यांचा पुतण्याही हाताखाली काम करतो आणि त्याची बोटं बारीक आहेत, शिवाय तो उत्साहाच्या भरात अंगठाही धरतो. म्हणून एक लाकडी पट्टी घ्या, तिला दर ८५ ला करवतीने खाच पाडा आणि कॉलमला लावून रिंगा बांधायला सांगा. सुतार पाच मिनिटांत करून देईल.

रिंगेचं हूक. हे आर-टूमध्ये बदललेलं नाही, पण मी ते मोठं करून काढलं आहे, आणि का काढलं ते तुम्हाला माहीत आहे. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशात वळवून कॉलमच्या पोटात गेली पाहिजेत आणि वळणापुढे ६५ मिलिमीटर सरळ उरली पाहिजेत. आठच्या सळईला सहापट म्हणजे अठ्ठेचाळीस होतात, पण किमान ६५ हवेत असं मानकात आहे. १९९३ च्या पहिल्या आवृत्तीत दहापट आणि किमान ७५ होते. म्हणजे रिव्हिजन तेही काढतात. फक्त त्यांना तेवीस वर्षं लागली आणि आपल्या आर्किटेक्टांना एक मेव्हणा पुरला.

साइटवर होतं असं, की एक टोक १३५ आणि दुसरं ९०. कारण नव्वदचं टोक बसवायला सोपं. नव्वद अंशाचं हूक म्हणजे लुंगीचं टोक नुसतं कमरेवर दुमडून ठेवणं. उभं राहा, चाला, गप्पा मारा, काही होत नाही. पळायची वेळ आली की मग कळतं, आत खोचायला हवं होतं. भूकंपात कॉलमचं बाहेरचं कव्हर आधी उडतं. नव्वदच्या हुकाचं टोक त्या कव्हरातच असतं. कव्हर गेलं की टोक मोकळं, रिंग उघडली, आणि आतली सोळाची सळई वाकून बाहेर आली. १३५ चं टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं असतं, कव्हर गेलं तरी ते जागा सोडत नाही.

दोन्ही हूक बाकड्यावरच करून घ्या. रिंग थोडी फाकवून बाजूने कॉलमवर चढवता येते, मग दाबून बंद करायची. आणि सगळ्या रिंगांची हुकं एकाच कोपऱ्यात ठेवू नका. एक या कोपऱ्यात, पुढची पलीकडच्या. नाहीतर एकच कोपरा सगळ्या मजल्यांना अशक्त राहतो.

हे सगळं कशासाठी, तर २६ जानेवारी २००१. भूज. तुम्ही तेव्हा दुसऱ्या साइटवर होतात आणि ध्वजवंदनाला सगळे गोळा झाले होते, हे तुम्हीच सांगितलं आहे. भूकंपाचं केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्यासारख्याच, तळाला मोकळं पार्किंग असलेल्या. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्या कॉलमना धरून ठेवतात. तळाला भिंतीच नाहीत, त्यामुळे डोलायचं ते सगळं तळमजल्याच्या कॉलमनी डोलायचं. नंतर लोकांनी पडलेले कॉलम तपासले, तर रिंगा विरळ आणि हुकं नव्वदची. २०१६ च्या भूकंप-मानकात अहमदाबाद आणि आपलं पुणे एकाच झोनमध्ये आहेत, झोन तीन. ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ हे वाक्य त्या सकाळपर्यंत तिकडेही बोललं जात असणार.

आता तिसरा ढग. लॅप. यावर आपलं भांडण होणार आहे, म्हणून मी चहा घेऊन बसले आहे, तुम्हीही घ्या.

आर-वनमध्ये लॅपची गोष्ट चौदा नंबरच्या टिपेत लिहिली होती. ड्रॉइंगच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात एकवीस टिपा असतात. त्या कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे, कारण मीही दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरच्या वाचत नाही. म्हणून यावेळी चौदा नंबरची टीप उचलून मोठं चित्र केलं आहे. त्यात दोन गोष्टी आहेत: लॅप कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच करायचा, आणि एका ठिकाणी निम्म्याच सळयांचा करायचा.

साइटवर लॅप कुठे होतो? स्लॅबवर. स्लॅब भरली, खालून सळया वर डोकावतायत, नवी सळई आणली, स्लॅबवर टेकवली, डोकावणाऱ्या सळईला बांधली. एका माणसाचं काम. सळई आपली आपण उभी राहते, शिडी नको, परांची नको. अडचण अशी, की भूकंपात मजले बाजूला सरकतात तेव्हा कॉलम वर-खाली धरलेला असतो आणि दोनदा वाकतो, खाली एका बाजूला आणि वर दुसऱ्या बाजूला. त्यामुळे सगळ्यात जास्त ताण टोकांना येतो, आणि उंचीच्या मध्यावर वाकवणारा ताण जवळजवळ नसतोच. आपण जोड मारतो नेमका जिथे ताण सगळ्यात जास्त तिथे. कव्हर फुटलं की लॅपमधल्या दोन सळया एकमेकींना धरून ठेवायला तिथे काँक्रीटच उरत नाही, त्या सरकतात.

आपल्या मजल्याची उंची ३१५० आहे, बीम ४५० चा. मोकळा कॉलम २७००. त्याचा चौथा भाग ६७५. म्हणजे स्लॅबपासून ६७५ पर्यंत लॅप सुरू करायचा नाही आणि वरच्या बीमखालच्या ६७५ मध्ये तो जायचा नाही. मधे उरले १३५०. सोळाच्या सळईला एम-२५ काँक्रीटमध्ये फे-५०० लोखंडाचा लॅप हिशोबाने ७७७ येतो, मी ८०० लिहिला आहे. ६७५ ला सुरू, १४७५ ला संपला. आरामात बसतो.

पण निम्म्याच सळयांचा. मग उरलेल्या निम्म्यांचा त्याच मजल्यावर जरा वर करावा म्हटलं, तर दोन लॅपांचे मध्य लॅपच्या १.३ पट लांब हवेत, म्हणजे १०४०. ८०० आणि १०४० मिळून झाले १८४०, आणि जागा आहे १३५०. बसत नाही. मी पुष्कळ वेळ कागद फिरवून बघितला, बसत नाही. म्हणून आर-टूमध्ये असं केलं आहे: कॉलममध्ये दहा सळया आहेत. गोल फिरत मोजल्या तर एक सोडून एक अशा पाच. पाचांचा लॅप पहिल्या मजल्यावर, उरलेल्या पाचांचा दुसऱ्या मजल्यावर, मग पुन्हा पहिल्या पाचांचा तिसऱ्यावर. म्हणजे प्रत्येक सळई दोन मजले उंच.

इथे तुमचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

तुमची हरकत मला पाठ आहे आणि ती खरी आहे. सळई येते बारा मीटरची. एक मजला अधिक लॅप म्हणजे ३.९५ मीटर. बारा मीटरचे बरोबर तीन तुकडे, बाकी राहतात पंधरा सेंटिमीटर. भारतातल्या कितीतरी कॉलमचे लॅप दर मजल्याला का होतात याचं उत्तर कोणत्याही मानकात नाही, ते या भागाकारात आहे. बारा भागिले तीन पॉइंट पंच्याण्णव. इतका सुंदर भागाकार समोर असताना माझं चित्र कोण बघणार?

नवी सळई ७.१ मीटर. बारातून गेली की उरते ४.९. कंत्राटदार म्हणणार हा भंगार. नाही. त्याच ड्रॉइंगच्या दुसऱ्या पानावर बीमच्या शेवटच्या टेकूवर वर टाकायची जादा सळई आहे, सोळाचीच, कापायची लांबी २.४ मीटर. ४.९ चे दोन तुकडे, उरले दहा सेंटिमीटर. शिवाय दर मजल्याला लॅप मारला की प्रत्येक सळईचे ८० सेंटिमीटर दर मजल्याला दुहेरी जातात. आता ते दोन मजल्यांत एकदाच. दहा सळयांचे एका कॉलममागे एका मजल्याला चार मीटर वाचले, वजनात सहा किलोच्या वर. वाढलेल्या तीन-चार रिंगा, आतल्या लहान रिंगांसकट, याहून कमी भरतात. हा हिशोब मी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात दिला आहे, तो कंत्राटदारांना दाखवा. मानक दाखवू नका, त्याने त्यांना डुलकी लागते.

खरा त्रास वेगळा आहे, तो लपवत नाही. स्लॅब भरल्यावर पाच सळया दीड मीटर वर दिसतील आणि पाच साडेचार मीटरच्या वर. त्या वाऱ्याने डोलणार, आणि ताज्या काँक्रीटमध्ये रुतलेली सळई डोलली की मुळाशी पकड सैल होते. म्हणून स्लॅब भरायच्या आधीच त्यांना दोन उंचीवर आडवे बांबू बांधून घ्या, आणि बांबूंना तिरपे टेकू. पहिल्या मजल्यावर हे विचित्र दिसेल. रस्त्यावरून जाणारे लोक विचारतील, की पाचच सळया उंच का? त्यांना सांगा, दुसऱ्या पाच अजून लहान आहेत.

सुरुवात पायापासूनच होते, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवते आहे. फुटिंगमधून निघणाऱ्या दहा सळयांतच पाच आखूड आणि पाच लांब हव्यात. आज दहाच्या दहा एका लांबीच्या कापल्यात तर पुढे सगळ्या मजल्यांना त्या एकाच ठिकाणी संपतील, आणि मग कोणतंही रिव्हिजन काढून उपयोग नाही.

चौथा ढग बीम आणि कॉलमच्या सांध्यावर आहे. तिथेही त्याच रिंगा, ८५ वर, बीमच्या ४५० उंचीत पाच. साइटवर तिथे सरासरी शून्य असतात. मी अनेक सांध्यांत डोकावून बघितलं आहे. कॉलमच्या रिंगा बीमच्या तळाशी थांबतात, मधे मोकळं, मग स्लॅबच्या वर पुन्हा सुरू. विचारलं की मिस्त्री म्हणतात, बीमच्या सळया आल्यावर रिंग घालायला हातच जात नाही. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून हात जातो तेव्हाच घालायच्या. याची रीत कानपूर आयआयटीच्या भूकंप-टिपांमध्ये सी. व्ही. आर. मूर्ती यांनी चित्रासकट दिली आहे, मी ती आपल्या कामाला लावून सांगते.

कॉलम बांधतानाच या पाच रिंगा त्यावर चढवून स्लॅबच्या वर तारेने टांगून ठेवा. मग बीमचा पिंजरा साच्यावर लाकडं टाकून उंचावरच बांधायचा, पण आधी फक्त खालच्या सळया कॉलममधून आरपार घालायच्या. आता तारा सोडा. पाच रिंगा खाली येऊन त्या सळयांवर एकावर एक बसतील. मग बीमच्या वरच्या सळया घाला. रिंगा आपोआप मधे अडकल्या. पिंजरा साच्यात उतरवा, आणि शेवटी त्या पाच जणी वर-खाली करून खाचेच्या पट्टीने मापात बांधा. क्रम चुकला, म्हणजे वरच्या सळया आधी गेल्या, की त्या पाच रिंगा छतावर टांगलेल्याच राहतात आणि मला स्लॅबवरून बघायला मिळतात. मला तिथे त्या दिसल्या की मी काही विचारत नाही, सरळ भरणी थांबवते.

आणखी एक पाचवा ढग आहे, अगदी लहान, उजव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे मालकांच्या आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आहे. बिल्डरसाहेबांनी सगळ्यात आधी तोच ढग वाचला आणि म्हणाले, आता ड्रॉइंग बरोबर झालं.

फुटिंगच्या सळया बांधून झाल्या की भरणीच्या आदल्या दिवशी कळवा, अंगठ्याने नाही, शब्दांनी. मी येताना टेप आणेन. आधी पाच आखूड-पाच लांब बघेन, मग रिंगांची हुकं, आणि मग कव्हर ब्लॉक. ते ४० चेच हवेत. गेल्या वेळी पंचवीसचे दोन एकावर एक रचून ‘पन्नास झाले, चाळीसपेक्षा जास्तच’ असं ऐकवलं होतं. पहिल्या स्लॅबला मात्र बीमचा पिंजरा खाली उतरवायच्या आधी बोलवा. उतरवल्यावर सांध्यात बघायला माझी मान जात नाही.

मिस्त्रींना नमस्कार सांगा, आणि त्यांच्या पुतण्याला टेप घेऊन द्या.

आपली,
(ड्रॉइंगवर सही असलेली)

ता. क. मेव्हण्यांनी काल गाडी साइटवर आणून सी-७ आणि सी-८ च्या खड्ड्यांच्या मधल्या जागेत उभी करून बघितली असं कळलं. खड्ड्यांच्या कडा पावसाने भिजलेल्या आहेत. गाडी बाहेर काढून द्या आणि मगच फुटिंगचं काम सुरू करा.